मीटिंगमध्ये बोललेला शब्दन् शब्द लोक तोलतात असं वाटणं

आडवाट

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

दर बुधवारी आमचा आढावा कॉल असतो. नऊ जण, प्रत्येकाला चारेक मिनिटं, माझा क्रम साधारण सहावा. मी माझी वाक्यं जशीच्या तशी लिहून काढते आणि पाळी येईपर्यंत मनात घोकत बसते. एवढं करूनही या बुधवारी "तक्रारी १८ टक्क्यांनी कमी झाल्या" म्हणायच्या ऐवजी "वाढल्या" म्हणाले. लगेच दुरुस्त केलं, पण तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय. कॉलचं रेकॉर्डिंग आहे, ते उघडायचा धीर होत नाही.

स्पॉटलाइट इफेक्टबद्दल वाचलंय. आपल्याला वाटतं तितकं लोकांचं आपल्याकडे लक्ष नसतं, वगैरे. पण कळतं आणि वळत नाही. "कुणी बघत नाहीये" असं स्वतःला बजावून काही फरक पडत नाही. प्रत्यक्षात करायचं काय, ते सांगा.

बाराखडी

अहो, सोपं आहे. कुणाला कुणाची पडलेली नसते. अमेरिकेत टी-शर्टचा प्रयोग झाला होता ना, त्यात एका मुलाला विचित्र टी-शर्ट घालून वर्गात पाठवलं आणि कुणालाही तो दिसला नाही. तुमचं "वाढल्या-कमी झाल्या" एव्हाना सगळे विसरलेत. तुम्हीही विसरा.

नाना_परभणीकर

पोरी, भाषणाची भीती सगळ्यांनाच असते. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी सूत्रसंचालन करतो. त्यावर उपाय सांगतो. मागच्या रांगेतल्या लोकांच्या डोक्यावरून बघायचं, माइक हनुवटीपासून चार बोटं खाली धरायचा आणि पहिलं वाक्य पाठ करायचं. टाळ्या हमखास. सभा मोठी असेल तर आधी कोमट पाणी प्यावं.

आडवाट

नाना, धन्यवाद, पण माइक-स्टेजचा प्रश्न नाही हो. लॅपटॉपसमोर बसून नऊ जणांत बोलायचं असतं. बोलायची भीती कमी, बोलून झाल्यावर काय म्हणत असतील याची जास्त.

बाराखडी, "विसरा" म्हणून विसरता आलं असतं तर धागा काढला नसता. :)

कडीपत्ता

(मानसोपचार विभागात काम करते, हा विषय रोजचा आहे.)

बाराखडी, प्रयोग तोच, पण निकाल तसा नव्हता. कॉर्नेल विद्यापीठात झालेला तो प्रयोग गिलोविच, मेडवेक आणि सॅवित्स्की यांनी २००० साली प्रसिद्ध केला. टी-शर्टवर बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा होता, म्हणजे त्या वयाच्या मुलांना घालायची लाज वाटावी असा. खोलीत इतर विद्यार्थी प्रश्नावली भरत बसलेले. हा आत गेला आणि थोड्या वेळाने त्याला बाहेर बोलावून विचारलं, की आतल्या किती जणांना तुझ्या टी-शर्टवर कोण होतं ते सांगता येईल? अंदाज साधारण निम्मे. प्रत्यक्षात सांगता आलं जवळपास पाव लोकांना.

पाव म्हणजे शून्य नव्हे. आठ जणांत दोघांनी पाहिलं असेलच. म्हणून "कुणी बघत नाही" हे वाक्य स्वतःला ऐकवलं की मन ते मानत नाही आणि त्याचं बरोबरच असतं. अंदाज दुपटीने फुगलेला होता, एवढंच त्या प्रयोगातून निघतं.

आडवाट, तुमच्या उपयोगाचा भाग त्याच लेखात पुढे आहे. विद्यार्थ्यांना गटात चर्चा करायला लावली आणि नंतर प्रत्येकाला विचारलं, की तुमचं बोलणं इतरांच्या किती नजरेत आलं असेल? चुका तर त्यांना जास्त ठळक वाटल्याच, पण स्वतःचे चांगले मुद्देही इतरांना वाटले त्यापेक्षा ठळक वाटले. हा दुसरा भाग लोक सांगत नाहीत, कारण तो तितकासा सुखावणारा नाही. तुमची चूक जशी वाटते तितकी गाजलेली नाही, तसाच तुमचा उत्तम मुद्दाही.

आता तुमचा बुधवार. तुम्ही तीन गोष्टी एकाच घासात गिळताय. "वाढल्या" हे ऐकू जाणं, ते लक्षात राहणं आणि त्यावरून "हिला काम येत नाही" असं मत होणं. या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर माणसं गळतात. आधी मला सांगा, त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं होतं? आठ जणांपैकी किती जणांच्या लक्षात आलं आणि किती जणांचं मत बिघडलं? आत्ता विचार करून नको. तेव्हाचा आकडा द्या.

आडवाट

लक्षात आलं सात जणांच्या. मत बिघडलं निदान पाच जणांचं, बॉस धरून.

कडीपत्ता

छान, लिहून ठेवा. ८ पैकी ७, ८ पैकी ५. हे आकडे आता बदलायचे नाहीत.

पुढे काय करायचं ते सांगण्याआधी पहिल्या पायरीबद्दल थोडं. तुमच्यानंतर सातव्या क्रमाने बोलणारा माणूस तुम्ही बोलत असताना काय करत होता? बहुतेक स्वतःची वाक्यं जुळवत होता, जसं तुम्ही पाचव्याच्या वेळी करत होतात. १९७३ साली माल्कम ब्रेनर यांनी लोकांना टेबलाभोवती बसवून एकेक शब्द क्रमाने वाचायला लावला. नंतर आठवायला सांगितलं, तेव्हा स्वतःची पाळी यायच्या लगेच आधीचे शब्द लोकांना सगळ्यात कमी आठवले. कानावर पडलेले असतात, पण मनात उतरत नाहीत. तुमच्या कॉलची रचना हुबेहूब तीच आहे. पाचव्या क्रमांकाने काय आकडे सांगितले, ते तुम्हाला आठवतंय का?

आडवाट

नाही. :( तो काय बोलला, अजिबात आठवत नाही.

तिरकस

थांबा जरा. हे सगळं "लोकांचं लक्ष नसतं" छापाचं चाललंय ते मला पटत नाही. मी कॉलवर असतो तेव्हा बोलणं नुसतं ऐकत नाही, लोकांचे चेहरे बघत असतो. कुणाच्या मागे काय लटकलंय, कोण चिडलाय, कोण फोन बघतोय. मी बघतो, तर बाकीचेही बघत असणारच.

कडीपत्ता

तिरकस, मुद्दा रास्त आहे आणि त्यावर संशोधनही झालंय. २०१७ मध्ये बूथबी, क्लार्क आणि बार्ग यांनी दाखवलं, की एरवी, म्हणजे विशेष काही घडलेलं नसताना, माणसाला वाटतं आपण इतरांना जास्त न्याहाळतो आणि इतर आपल्याला कमी. दोघांनाही तसंच वाटतं, तेव्हा कुणाचा तरी हिशेब चुकणारच. म्हणजे एरवी लोक आपल्याकडे आपल्या समजुतीपेक्षा जास्त बघतात.

पण बघतात ते काय? तुम्हीच दिलेली यादी पाहा. मागे लटकलेली वस्तू, चिडलेला चेहरा, हातातला फोन. "१८ टक्के वाढल्या" त्यात नाही. ज्याची आपल्याला लाज वाटते नेमकं त्याकडेच सगळ्यांचं लक्ष गेलं, हा अंदाज फुगतो. आपण एकंदर दिसतच नाही, असा याचा अर्थ नव्हे.

तिरकस

हे थोडं सोयीस्कर वाटतंय, पण असो. माझा आक्षेप मागे घेत नाही, बाजूला ठेवतो.

कडीपत्ता

ठेवा की.

आडवाट, आता काम. आकडे लिहून झालेत, ते तपासायचे. कॉलवरच्या दोन-तीन जणांना वेगवेगळं विचारायचं: "बुधवारच्या कॉलची टिपणं करतेय, माझ्या भागातलं तुला काय आठवतंय ते सांगशील?" एवढंच. पुढे एक शब्द जोडायचा नाही.

इथे बहुतेक जण हमखास घसरतात. "मी फार गोंधळले का गं?" असं विचारलं, की समोरची म्हणणार, "छे गं, मस्त बोललीस." त्यातून काहीच कळत नाही. एक तर चूक झाली हे तिला तुम्हीच सुचवलंत, दुसरं म्हणजे तुम्हाला ते उत्तर खरं वाटणार नाही आणि अर्ध्या तासात तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी विचाराल. दिलासा मागण्याची ही सवय घोकण्याइतकीच त्रासदायक असते. टिपणांचा प्रश्न उघडा असतो. समोरच्याला खरंच जे आठवतं ते बाहेर येतं, आणि चूक आठवत असेल तर तीही येते.

दोन दिवसांच्या आत विचारा. आठवडाभराने कुणालाच काही आठवणार नाही आणि तुम्ही म्हणाल, "विसरले असतील, पण तेव्हा हसले होते."

बाराखडी

आणि रेकॉर्डिंग बघायचं की नाही? मला वाटतं बघू नये, अजून त्रास.

कडीपत्ता

बघायचं, पण तयारीने. नुसतं उघडलं तर बाराखडी म्हणतात तसंच होईल. पडद्यावर स्वतःला बघताना तेव्हाची धडधड परत येते आणि ती धडधडच व्हिडिओत दिसतेय असं वाटतं.

म्हणून आधी कागदावर लिहायचं: मला काय दिसणार आहे? आणि मोजता येईल अशा भाषेत. "मी वाईट दिसणार" हे चालणार नाही. चुकल्यावर मी किती सेकंद गप्प होते? आवाज कापला तर कोणत्या शब्दांवर? चेहरा लाल झाला, तर शेजारच्या चौकटीतल्या कुणाच्या चेहऱ्याइतका? मग व्हिडिओ लावायचा, अनोळखी बाई बोलतेय असं समजून बघायचा आणि घड्याळ लावून मोजायचं. गप्प राहिलेला वेळ लोक फार ताणून सांगतात, म्हणून तो आधी मोजा.

याच्याशी जोडून एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये विद्यार्थ्यांना कॅमेऱ्यासमोर भाषण द्यायला लावलं. काहींना आधी काहीच सांगितलं नाही. काहींना सांगितलं, घाबरणं साहजिक आहे, काळजी करू नका. आणि काहींना सांगितलं, तुमची घबराट तुम्हाला वाटते तितकी बाहेर दिसत नाही. या तिसऱ्या गटाची भाषणं चांगली झाली. तसं बोलणाऱ्यांना स्वतःला वाटलं आणि बघणाऱ्यांनाही वाटलं. "काळजी करू नका" याचा तसा उपयोग झाला नाही. धीर देणं वेगळं आणि नेमकं काय दिसत नाही ते सांगणं वेगळं.

खानदेशी_ठसका

मला एक विचारायचंय, धाग्याला धरूनच आहे. मी जळगावकडचा, नोकरी पुण्यात. माझ्या तोंडी "पानी" आणि "लोनी" येतं. मीटिंगमध्ये मी "पानी" म्हणालो की दोघे-तिघे एकमेकांकडे बघतात. हा माझ्या मनाचा खेळ नाही. एकाने तोंडावर नक्कल केलीय. मग मी पण ७ पैकी ५ असं लिहीत बसू का? माझ्या बाबतीत लोक खरंच शब्दन् शब्द तोलतात.

बाराखडी

दुर्लक्ष करा हो. ते त्यांच्या संस्कारांचं प्रदर्शन.

कडीपत्ता

ठसका, तुमची गोष्ट वेगळी आहे आणि ती स्पॉटलाइट इफेक्टमध्ये कोंबू नये. आडवाट यांच्याकडे अंदाज आहे, पुरावा नाही. तुमच्याकडे पुरावा आहे, कुणीतरी नक्कल केली. बोलीवरून माणसाला जोखणं हे महाराष्ट्रात चालतं, ते तुमच्या डोक्यातलं नाही. त्यावर उपाय नक्कल करणाऱ्याशी बोलण्याचा, किंवा वरिष्ठांपर्यंत नेण्याचा. तुमचे अंदाज तपासण्याचा नाही.

मात्र एक करून बघता येईल. नक्कल करणारा एक, एकमेकांकडे बघणारे दोघे-तिघे. बाकीच्यांचं काय? एकाने खरोखर दुखावलं, की सगळी खोली त्याच्या बाजूची वाटू लागते. तेवढा फुगवटा तपासायला हरकत नाही. पण नाही तपासलात तरी माझं काही म्हणणं नाही.

खानदेशी_ठसका

बाकीच्यांचा विचार केला नव्हता. तरी एक सांगतो, नक्कल एकाने केली आणि त्या वेळी बाकीचे गप्प बसले. गप्प बसलेल्यांना कुठल्या रकान्यात घालायचं?

तिरकस

हा प्रश्न लाखाचा आहे.

आडवाट

विचारलं. तिघांना, तंतोतंत तुम्ही दिलेल्या वाक्यात.

पहिलीला १८ टक्के कमी झाल्याचं आठवलं. चुकीचा उल्लेखच नाही. दुसऱ्याला आकडा आठवला नाही, कुरिअर कंपनी बदलायचं ठरलं तेवढं आठवलं. तिसरे माझे बॉस. ते म्हणाले, "ते वाढल्या-कमी झाल्याचं जरा उलटसुलट झालं होतं, पण स्लाइडवर बरोबर होतं. टिपणात कमी झाल्या असंच लिही." म्हणजे बॉसच्या लक्षात आलं होतं!! मला तेव्हापासून पुन्हा तेच.

रेकॉर्डिंगही बघितलं. आधी लिहिलं होतं: दहा सेकंद गप्प, आवाज कापला, चेहरा लाल. घड्याळाप्रमाणे गप्प होते ते दोन सेकंदांहून कमी. आवाज कापलेला मला तरी ऐकू आला नाही. चेहरा थोडा लाल होता, पण खिडकीतून ऊन येत होतं, त्यामुळे आधीपासूनच तसा होता.

कडीपत्ता

उत्तम झालं. बॉसच्या लक्षात आलं हे तर फारच उत्तम, कारण आता तपासायला खरा नमुना हाती आलाय.

तिघांत एक. आठांत सात म्हणाला होतात. तिघांवरून आठांचा ठाम निष्कर्ष काढता येत नाही, पण दिशा दिसते. आता बॉसचं वाक्य तिन्ही पायऱ्यांवर ठेवून बघा. ऐकू गेलं, हो. लक्षात राहिलं, हो. मत बिघडलं? त्यांनी चुकीसोबत काय आठवलं ते वाचा: "स्लाइडवर बरोबर होतं." तुम्ही फक्त चुकीचा शब्द बघत होतात, ते शब्द आणि स्लाइड दोन्ही बघत होते. २००१ मध्ये सॅवित्स्की, एपली आणि गिलोविच यांना हेच आढळलं. फजिती झालेल्या माणसाला वाटतं, लोक मला कडक जोखणार. लोक तेवढं कडक जोखत नाहीत, कारण चूक करणारा नुसत्या चुकीवर डोळे लावून बसतो आणि बघणाऱ्यापुढे आजूबाजूचं इतरही बरंच असतं.

मत बिघडल्याची खूण वागण्यात शोधायची, चेहऱ्यात नव्हे. पुढच्या आठवड्यात बॉसने तुमचे आकडे दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतले, किंवा तुमचा भाग दुसऱ्याला दिला, तर ती खूण. कपाळावर आठी ही खूण नाही, आठीची कारणं शंभर असतात. अशा दोन खुणा आधीच लिहून ठेवा. नंतर सुचलेल्या खुणा मोजायच्या नाहीत.

आडवाट

आणि पुढच्या बुधवारी वाक्यं लिहून न्यायची की नाही? त्याशिवाय जमणार नाही असं वाटतं.

कडीपत्ता

इथे जरा सावकाश जाऊ. वाक्यं घोकण्याने दोन नुकसानं होतात. घोकताना तुमचं सगळं लक्ष स्वतःवर असतं, त्यामुळे आधीचा काय बोलला ते कळत नाही आणि लोकांच्या खऱ्या प्रतिक्रिया दिसतच नाहीत, त्या जागा मन आपल्या कल्पनेने भरतं. दुसरं, पाठ केलेल्या वाक्यातला एक शब्द निसटला की सगळं वाक्य कोसळतं. "वाढल्या" बहुधा असंच निसटलं. आणि कॉल बरा झाला, तर मन म्हणतं घोकलं म्हणून निभावलं. मग भीती खोटी होती हे कधी सिद्धच होत नाही.

एकदम सगळं सोडू नका. या बुधवारी पूर्ण वाक्यं नकोत, कागदावर फक्त आकडे आणि त्यांच्यापुढे वर किंवा खाली बाण. कॉलवर स्वतःची चौकट आपल्यापुरती लपवता येते, ती लपवा. स्वतःकडे आरशासारखं बघत बोलायचं ओझं कमी होतं. आणि तुमची पाळी यायच्या आधीच्या माणसाचा एक आकडा लिहून घ्या. घोकत असाल तर तो लिहिता येणार नाही, एवढी सोपी परीक्षा.

कॉल संपल्या संपल्या स्वतःला गुण द्यायचे नाहीत. टी-शर्टच्याच प्रयोगात एका गटाला तो घालून आधी पंधरा मिनिटं तसंच बसवलं आणि मग खोलीत पाठवलं. त्यांचा अंदाज लगेच आत गेलेल्यांपेक्षा कमी निघाला. बघणारे तेच, टी-शर्ट तोच, फक्त घालणाऱ्याला त्याची सवय झाली होती. म्हणून चहा पिऊन या आणि मग लिहा.

एक स्पष्ट सांगते. हे सहा महिन्यांहून जास्त चाललं असेल, मीटिंग टाळण्यासाठी रजा पडत असतील, बढती नाकारावीशी वाटत असेल, तर धाग्यावर भागवू नका. सामाजिक चिंतेवर नीट उपचार आहेत. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर मराठीतही बोलते.

आडवाट

रजा पडत नाहीत. एकदा बढतीला नाही म्हटलंय, त्याबद्दल तुम्हाला व्यनि करते.

बाराखडी

आकडे-बाण ही कल्पना आवडली. पण बाण उलटा काढला तर?

तिरकस

तर ८ पैकी १ ला कळेल, आणि तो बॉस असेल.

खानदेशी_ठसका

माझा प्रश्न राहिला. गप्प बसलेले कुठल्या रकान्यात?

कडीपत्ता

राहिलेला नाही, माझ्याकडे त्याचं नीट उत्तर नाही. गप्प बसण्यात कुणाची संमती असते, कुणाची भीती, कुणाचं लक्षच नसतं, आणि बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. त्यातल्या एकाला, ज्याच्याशी तुमचं बरं आहे त्याला, नकलेबद्दल सरळ विचारा. टिपणांच्या आडून नको. तुमच्या बाबतीत आडवळण घ्यायचं कारणच नाही.